‘छोटासा चेंज’ नेमका किती रुपयांचा?

आधी एक काम करा. मोबाइल उघडा आणि तुम्ही क्लायंटला पाठवलेलं शेवटचं कोटेशन शोधा. लोगो असेल, लग्नाचा व्हिडिओ असेल, एखाद्या दुकानाची वेबसाइट असेल. त्यात पैशांबद्दल किती ओळी आहेत ते मोजा. माझ्या मैत्रिणीच्या कोटेशनमध्ये दोन होत्या. ‘कॅटलॉग डिझाइन : १८,००० रुपये, सर्व करेक्शनसहित. पेमेंट काम पूर्ण झाल्यावर.’ बस्स. वर तिचं नाव, खाली सही, मध्ये हा एवढाच मजकूर.

ती ग्राफिक डिझायनर. कॉलेज संपल्यापासून फ्रीलान्स करते. काम होतं अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल बनवणाऱ्या घरगुती कारखान्याचं. नाव सांगत नाही, कारण मुद्दा त्या कारखान्याचा नाहीच. दिवाळीच्या आधी नवीन कॅटलॉग हवा होता. बोलणं झालं तेव्हा २४ पानं ठरली होती. ‘ठरली’ म्हणजे तोंडी. तिने हिशेब केला की साधारण ४० तासांचं काम आहे, म्हणजे तासाला ४५० रुपये पडतील. सोलापूरच्या मानाने बरे पैसे.

पुढे काय झालं ते तुम्हाला अंदाजाने कळलं असेलच. मुलाने नॅपकिनची नवी रेंज घालायला सांगितली, २४ पानांची ३२ झाली. फोटो मोबाइलवर काढलेले होते, मागे लूम दिसत होता, तो काढून पांढरं बॅकग्राउंड करण्याचं काम आपसूक तिच्याकडे आलं. वडिलांना लाल रंग हवा होता, मुलाला निळा, मॅनेजरला वाटलं की फोन नंबर मोठा हवा. तिघांचेही मेसेज वेगवेगळे, आणि प्रत्येकाच्या शेवटी तेच वाक्य, ‘अजून एकच छोटासा चेंज, मग फायनल.’ असे नऊ ‘फायनल’ झाले. कॅटलॉग पूर्ण झाला, पण छपाई दिवाळीनंतर ढकलली गेली. मग ‘काम पूर्ण’ कधी झालं? ती म्हणाली, फाइल दिली तेव्हा. मालक म्हणाले, छापून हातात आल्यावर. फेब्रुवारीत १२ हजार आले. उरलेले सहा ‘पुढच्या कामात अॅडजस्ट करू’.

एकूण ९० तास गेले. १२ हजार भागिले ९०, म्हणजे तासाला १३३ रुपये.

आता इथे मी मालकांना शिव्या घालीन असं तुम्हाला वाटत असेल. नाही घालणार. मी ते कोटेशन तीनदा वाचलं आणि माझं मत असं झालं की मालकांनी त्यातला एकही शब्द मोडलेला नाही. ‘सर्व करेक्शनसहित’ असं तिनेच लिहिलं होतं. ३२ पानांचं काम २४ पानांच्या दरात करून घेतलं म्हणावं, तर २४ हा आकडा कागदावर कुठे आहे? ‘काम पूर्ण’ याचा अर्थ कुणी लिहिला होता? भांडायला तिच्याकडे काही शिल्लकच नव्हतं.

आपल्याकडे यावर एक ठरलेलं उत्तर असतं. ‘अगं, सोलापुरात धंदा शब्दावर चालतो. इतकं लिहिलंस तर गिऱ्हाईक पळून जाईल.’ मला हे अजिबात पटत नाही. त्याच कारखान्यात जाऊन टॉवेलचा भाव विचारा. ‘टॉवेल केवढ्याला?’ असं विचारलंत तर कुणी उत्तर देणार नाही. उलट तुम्हालाच विचारतील, साइज काय? तीस बाय साठ इंच की लहान? जीएसएम किती? नग किती? रंग एकच की मिक्स? बॉर्डरवर नाव विणायचं आहे का? पॅकिंग साधं की बॉक्समध्ये? अॅडव्हान्स किती देता? हे सगळं कळल्यावर मग भाव. सूत घेताना ते स्वतः काउंट आणि वजन लिहून घेतात. म्हणजे स्पष्ट लिहिणं ही सोलापूरच्या धंद्यातली जुनी सवय आहे. आपण डिझाइनवाले, व्हिडिओवाले, कंटेंटवालेच ‘टॉवेल केवढ्याला’ या प्रश्नाला एक आकडा सांगून मोकळे होतो.

म्हणून एका रविवारी पार्क चौकात चहावर बसून आम्ही तेच जुनं कोटेशन पुन्हा लिहिलं. रक्कम तीच ठेवली, १८ हजार. फक्त पैशांचा भाग बदलला. तो कसा बदलला ते सविस्तर सांगते, कारण तुमचं काम वेगळं असलं तरी प्रश्न हेच चार येतात.

पहिला प्रश्न : १८ हजारांत काय येतं आणि काय येत नाही? आम्ही लिहिलं,

‘ए-४ आकाराचा कॅटलॉग, कव्हर धरून २४ पानं, जास्तीत जास्त ४० उत्पादनं. उत्पादनांची नावं, कोड, साइज एकाच एक्सेल फाइलमध्ये ग्राहक देतील. फोटो ग्राहक देतील, ४० फोटोंचं बॅकग्राउंड काढणं यात समाविष्ट आहे. फोटो काढणं, मजकूर लिहिणं, भाषांतर आणि छपाईचा खर्च यात नाही. पानं वाढल्यास दर चार पानांना ३,००० रुपये.’

‘दर चार पानांना’ का? कारण मध्ये पिन मारलेलं पुस्तक चारच्या पटीतच वाढतं. एक मोठा कागद दुमडला की त्याची चार पानं होतात. क्लायंट म्हणतो ‘एकच पान वाढव’, पण प्रेसमध्ये एक पान वाढतच नाही, २४ नंतर थेट २८. हे तिला माहीत होतं, क्लायंटला नव्हतं. दर लिहिताना आपल्या धंद्यातलं असं खरं माप घ्यावं. व्हिडिओवाल्याने मिनिटं आणि शूटिंगचे दिवस लिहावेत, वेबसाइटवाल्याने पेजेस लिहावीत, लेखन करणाऱ्याने शब्द. आणि वाढीव मापाचा दर आधीच लिहून ठेवावा, वाद सुरू झाल्यावर नाही. २४ पानांचे १८ हजार म्हणजे पानाला ७५०, तोच दर चार पानांना लावला. त्यामुळे ‘वाढवताना जास्त लावलेस’ असं कुणी म्हणू शकत नाही.

‘यात नाही’ ही यादी लिहायला तिला जड गेलं. ‘असं वाटतं की मी आधीच नाही म्हणते आहे,’ ती म्हणाली. पण खरं तर सगळ्यात जास्त भांडणं या न लिहिलेल्या यादीतूनच निघतात. क्लायंटच्या डोक्यात कॅटलॉग म्हणजे छापलेलं पुस्तक असतं, तुमच्या डोक्यात पीडीएफ. दोघंही खोटं बोलत नसतात.

दुसरा प्रश्न : शेवटी हातात काय मिळणार? जुन्या कामात मालकांनी नंतर ‘ओपन फाइल’ मागितली होती, म्हणजे ज्यात कुणीही बदल करू शकेल अशी मूळ फाइल. तिने ती दिली, कारण नाही म्हणायला कागदावर आधार नव्हता. या वेळी आम्ही लिहिलं, ‘प्रेससाठी एक पीडीएफ, सीएमवायके रंगात, चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीडसह. व्हॉट्सअॅपवर पाठवण्यासाठी एक हलकी पीडीएफ. मूळ ओपन फाइल हवी असल्यास ५,००० रुपये वेगळे.’

इथेच हक्काची गोष्ट येते. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार डिझाइनरने स्वतंत्रपणे केलेल्या कामाचा हक्क साधारणपणे त्याच्याकडेच राहतो आणि तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. फोटोग्राफर मित्रांनो, तुमचं मात्र उलटं आहे. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, काढून घेणाऱ्याचा. म्हणजे दोन्हीकडे न लिहिल्याने कुणाचं तरी नुकसान होतंच. आम्ही एक ओळ घातली, ‘पूर्ण रक्कम मिळाल्यावर या कॅटलॉगच्या डिझाइनचा हक्क ग्राहकाकडे कायमस्वरूपी आणि जगभरासाठी जाईल.’ ही ओळ क्लायंटच्या फायद्याची आहे. पण तिच्यातले पहिले तीन शब्द तुमच्या फायद्याचे आहेत. कोटेशनवर दोघांच्याही सह्या घ्या, नाहीतर ही ओळ नुसती शोभेची.

तिसरा प्रश्न, सगळ्यात अवघड : करेक्शन किती? सगळेजण इथे ‘दोन रिव्हिजन फ्री’ लिहून थांबतात. ते पुरत नाही. कारण ‘एक रिव्हिजन’ म्हणजे काय हे कुणीच सांगत नाही. सकाळी वडिलांचा मेसेज, दुपारी मुलाचा, रात्री मॅनेजरचा. ही एक रिव्हिजन की तीन? म्हणून आम्ही आधी व्याख्या लिहिली,

‘एक फेरी म्हणजे सर्व दुरुस्त्यांची एकच यादी, ठरलेल्या एकाच व्यक्तीकडून. अशा दोन फेऱ्या समाविष्ट आहेत. डिझाइनरकडून राहिलेल्या चुका केव्हाही विनामूल्य दुरुस्त होतील, त्या फेरीत मोजल्या जाणार नाहीत. तिसऱ्या फेरीपासून प्रत्येकी १,५०० रुपये.’

मधलं वाक्य गाळू नका. तुमचंच स्पेलिंग चुकलं आणि त्यालाही तुम्ही ‘रिव्हिजन’ मोजलंत, तर क्लायंटचा विश्वास तिथेच उडतो. जुन्या नऊ फेऱ्यांमध्ये दोन तिच्याच चुकांमुळे झाल्या होत्या, तिने स्वतः कबूल केलं.

आणखी एक पायरी घातली. आधी चार नमुना पानं पाठवायची, त्यावर रंग, अक्षर, मांडणी ठरवायची आणि ‘मंजूर’ असं लेखी घ्यायचं, व्हॉट्सअॅपवर चालेल. उरलेली २० पानं त्यानंतरच करायची. मंजुरीनंतर रंग किंवा मांडणीच बदलायची असेल तर ती दुरुस्ती नाही, ते नवीन काम. लाल-निळ्याचं भांडण घरातल्या घरात चार पानांवर मिटतं, ३२ पानांवर नाही.

आता गंमत बघा. जुनं काम या नियमांनी मोजलं तर वाढीव आठ पानांचे ६ हजार, नऊपैकी तिच्या चुकांच्या दोन आणि समाविष्ट दोन वजा करून पाच फेऱ्यांचे साडेसात हजार. एकूण ३१,५००. पण मला खात्री आहे की मालकांनी ३१,५०० कधीच दिले नसते. त्यांनी तिघांनी एकत्र बसून तीन फेऱ्यांत संपवलं असतं. आणि तेच तर हवं आहे! जादा फेरीचे १,५०० हे कमाईसाठी नसतातच मुळी. समोरच्याने सगळं एकदाच नीट बघावं म्हणून ते लिहायचे असतात.

चौथा प्रश्न : पैसे कधी? ‘काम पूर्ण झाल्यावर’ यात खोट अशी की पूर्ण कधी झालं हे ठरवणं तुमच्या हातात नाही. छपाई कधी होईल, दिवाळी कधी संपेल, मालक गावाहून कधी येतील. हप्ता नेहमी तुम्ही केलेल्या कृतीला बांधा. आम्ही लिहिलं, ‘सुरुवातीला ४० टक्के, ७,२०० रुपये. पूर्ण कच्चा मसुदा पाठवल्यावर ३० टक्के, ५,४०० रुपये. अंतिम प्रेस फाइल देण्याआधी ३० टक्के, ५,४०० रुपये. प्रत्येक बिल सात दिवसांत. तोपर्यंत मसुदा वॉटरमार्कसह आणि कमी रिझोल्यूशनमध्ये पाठवला जाईल.’

आणि शांततेचं काय? मसुदा पाठवला आणि पलीकडून महिनाभर निळी टिकसुद्धा नाही, हे प्रत्येकाने अनुभवलं असेल. त्यासाठी लिहिलं, ‘मसुद्यावर १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर तो स्वीकारला असं धरलं जाईल.’ हे १५ दिवस आम्ही हवेतून आणले नाहीत. २००६च्या एमएसएमई विकास कायद्यात हीच पद्धत आहे. माल किंवा सेवा दिल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर ती स्वीकारली असं मानतात. पैसे देण्याची तारीख लेखी ठरलेली नसेल तर स्वीकारल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे, आणि लेखी ठरलेली असली तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत चालत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. एकट्याने सेवा देणारा फ्रीलान्सरही ‘उद्यम’ पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करू शकतो. ती मोफत आहे आणि काम घेण्याच्या आधी केलेली बरी. नोंदणीचा नंबर कोटेशनवर टाका. २०२४च्या एप्रिलपासून आयकराचा नियमही असा आहे की सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत कंपनीला हिशेबात वजा करता येत नाही. त्यामुळे मालकांनी नाही तरी त्यांच्या सीएने तो नंबर नक्की वाचलेला असतो.

पण स्वप्नं पाहू नका. सहा हजारांसाठी तुम्ही कौन्सिलकडे जाणार नाही, मीही जाणार नाही. कायदा मागे उभा असतो, वसुली पुढच्या ४० टक्क्यांनी होते. अॅडव्हान्स आणि शेवटची फाइल हातात ठेवणं, तुमची खरी ताकद या दोनच गोष्टींत आहे. जो ४० टक्के अॅडव्हान्सलाच कां-कूं करतो, तो शेवटचे ३० टक्के कसे देईल हे पहिल्याच दिवशी कळतं, आणि तेही फुकटात.

राहता राहिला घासाघीस हा विषय. हे नवं कोटेशन तिने पुढे एका युनिफॉर्म शिवणाऱ्याला पाठवलं. फोन आला, ‘ताई, १८ जास्त होतात, १५ करा.’ पूर्वी ती ‘बरं’ म्हणाली असती. या वेळी म्हणाली, ‘काका, १५ मध्ये २० पानं होतील. चालतील?’ ७५० गुणिले २०, बरोबर १५ हजार. दर कमी झाला नाही, काम कमी झालं. काकांनी विचार केला आणि २४ पानंच घेतली. त्यांनी अटींबद्दल एकच प्रश्न विचारला, ‘एकच माणूस म्हणजे मी की माझा भाऊ?’ माझ्या मते सगळ्या कोटेशनमधला हाच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न होता, आणि तो काम सुरू होण्याआधी विचारला गेला.

त्याच महिन्यात दुसरा एक क्लायंट ‘इतक्या अटी कशाला’ म्हणून गेलाही. हे लपवत नाही. जातात काही जण. पण तो गेला तेव्हा तिचा अर्धा तास गेला होता, ९० तास नव्हे.

आता पुन्हा मोबाइलमधलं तुमचं कोटेशन बघा. पानं किंवा मिनिटं लिहिली आहेत का? ‘यात नाही’ अशी एक तरी ओळ आहे का? एक फेरी म्हणजे काय ते लिहिलंय? पैशांच्या प्रत्येक हप्त्यासमोर तुमच्या हातातली एखादी कृती आहे का? नसेल तर आजच बदला, पुढच्या क्लायंटची वाट बघू नका. माझ्या मैत्रिणीचे ते सहा हजार अजून ‘पुढच्या कामात’ अडकलेले आहेत. परवा त्याच कारखान्यातून तिला फोन आला होता, नवीन कॅटलॉग करायचा आहे म्हणून. तिने नवं कोटेशन पाठवलंय. पहिल्या ओळीत लिहिलंय, ‘मागील बाकी : ६,००० रुपये, काम सुरू होण्यापूर्वी.’